ऑप्शनला काय टाकलं? परीक्षेने तुमच्या विषयातून काय गाळलं, ते शोधण्याची रीत

मोठ्या परीक्षेचा वर्गातल्या शिकवण्यावर जो उलटा परिणाम होतो, त्याला भाषा-चाचणीच्या क्षेत्रात वॉशबॅक म्हणतात. हा परिणाम आहे हे बहुतेक शिक्षक मान्य करतात. तो आपल्या विषयात नेमका कुठे आणि किती आहे हे शोधायला बसलं, की गाडी घसरते. सहसा असं होतं: विभागाची बैठक बोलावली जाते, "परीक्षेमुळे तुम्हाला काय शिकवता येत नाही?" असं विचारलं जातं, शिक्षक तक्रारींची यादी देतात आणि तीच अहवाल म्हणून फाइलला लागते. त्या यादीत अर्ध्या गोष्टी परीक्षेमुळे गेलेल्या नसतात. आणि ज्या खरोखर परीक्षेमुळे गेल्या, त्या गेल्याचं कोणाच्या लक्षातही नसतं, म्हणून त्या यादीत येतच नाहीत.

खालची रीत एका विषयाला एका वर्षात पुरते. विभागप्रमुखाने दोन सहकाऱ्यांना घेऊन करावी. एकट्याने केली तर आपल्याला हवं तेच दिसतं.

उदाहरण म्हणून दुसरी भाषा शिकवणारा एक विभाग घेऊ. अभ्यासक्रमात ऐकणं, बोलणं, वाचणं आणि लिहिणं ही चारही कौशल्यं आहेत. वर्षाअखेरीची परीक्षा मात्र पूर्ण लेखी, 80 गुणांची. आकडे समजण्यापुरते आहेत, पण असे वर्ग तुम्ही पाहिले असतील.

## टप्पा 0 : आधीची जमवाजमव

एक विषय, एक परीक्षा, एक इयत्ता. "शाळेतल्या सगळ्या विषयांचं बघू" असं म्हणालात तर हे काम पहिल्याच महिन्यात बंद पडेल.

जमवायच्या गोष्टी चार आहेत: अभ्यासक्रम (पाठ्यपुस्तक नव्हे, अभ्यासक्रमाचा मूळ दस्तऐवज), मागच्या सहा वर्षांच्या प्रश्नपत्रिका, त्यांची गुणदान योजना आणि प्रत्येक शिक्षकाच्या वर्गातल्या तीन मुलांच्या वह्या. वह्या हुशार मुलांच्याच नकोत. एक हुशार, एक मधली आणि एक मागे पडलेली, अशा घ्या.

पाचवी गोष्ट कागदावर मिळत नाही. शिक्षकांना आधी स्पष्ट सांगा, आणि लेखी सांगा, की या नोंदींचा त्यांच्या मूल्यमापनाशी संबंध नाही. हे न करता वर्गात वही घेऊन बसलात, तर तुम्हाला त्या दिवसापुरता सजवलेला तास बघायला मिळेल.

## टप्पा 1 : अभ्यासक्रमाची कृतींमध्ये फोड

धड्यांची यादी करू नका. परीक्षा धडे क्वचितच गाळते, ती धड्यातली कृती गाळते. "पत्रलेखन" हे धड्याचं नाव झालं. "कोणाला लिहितोय ते ओळखून सूर ठरवणं", "आपलाच मसुदा वाचून दुरुस्त करणं" या कृती झाल्या. अशा 15 ते 20 कृती पुरतात.

आपल्या उदाहरणात लेखनाखाली पाच कृती निघाल्या: वर्णन करणं, मत मांडून त्याचं समर्थन करणं, वाचक ओळखून पत्र लिहिणं, मजकुराचा सारांश करणं आणि मसुदा सुधारणं. पुढच्या सगळ्या शोधाचा पाया हाच आहे.

तपासा : यादीतली प्रत्येक ओळ क्रियापदावर संपते का? "व्याकरण" किंवा "निबंध" अशी ओळ दिसली, तर ती अजून फोडायची आहे.

## टप्पा 2 : प्रश्नपत्रिका वाचा, गुण मोजत बसू नका

सगळ्यात मोठी चूक इथे होते. कुठल्या भागाला किती गुण आहेत त्याचा तक्ता करतात आणि ज्याला गुण जास्त त्याचा दबाव जास्त, असं समजतात. शिक्षक गुण बघतात हे खरं, पण त्याहून जास्त बघतात तो अंदाज. दहा गुणांचा प्रश्न दर वर्षी वेगळा येत असेल, तर त्यासाठी विषयच शिकवावा लागतो. तोच प्रश्न दर वर्षी एकाच घाटाचा येत असेल, तर घाट पाठ करून घेतला की झालं.

म्हणून यादीतल्या प्रत्येक कृतीला तीन प्रश्न विचारा.

पहिला, ही कृती सहा वर्षांत किती वेळा विचारली गेली? दुसरा, ज्या वेळी विचारली तेव्हा प्रश्नाचा घाट बदलला का? आणि तिसरा, जो जवळजवळ कोणी विचारत नाही: ती टाळता येते का?

या तिसऱ्या प्रश्नाने आपल्या उदाहरणाचं चित्रच पालटलं. निबंधाला तीन विषय देऊन एक सोडवायचा असतो. मतप्रदर्शनाचा निबंध सहाही वर्षी होता, त्यामुळे गुणांच्या तक्त्यात तो ठसठशीत दिसत होता. पण शेजारी वर्णनात्मक निबंधही सहाही वर्षी होता. म्हणजे मतप्रदर्शन शिकवलंच नाही तरी एकाही गुणाचं नुकसान नाही. मुलं जे करतात तेच शिक्षकांनी केलं: तो प्रकार ऑप्शनला टाकला. कागदावर परीक्षा तो मागत होती, व्यवहारात मागत नव्हती.

पत्राचंही तसंच. सहापैकी पाच वर्षं तक्रारपत्र, एकदा विनंतीपत्र. "वाचक ओळखून सूर ठरवणं" ही कृती या प्रश्नाला लागतच नाही, कारण वाचक कायम एकच, एक अधिकारी.

आता गुणदान योजना उघडा. पत्राच्या 10 गुणांपैकी मायना, तारीख, विषय आणि समारोप यांना 4 गुण असतील, तर मायन्यावर तीन तास का जातात याचं उत्तर तिथेच सापडतं.

सावध : "या वर्षी पॅटर्न बदलला आहे" एवढ्यावर समाधान मानू नका. पॅटर्न बदलल्यावर शिकवण्याची सामग्री पटकन बदलते, पद्धत तशीच राहते. श्रीलंकेत 1980 च्या दशकाच्या शेवटी इंग्रजीची नवी शालान्त परीक्षा आली, तेव्हा डायन वॉल आणि चार्ल्स ऑल्डरसन यांनी वर्गात बसून पाहणी केली. 1993 मध्ये त्यांनी मांडलेला निष्कर्ष हाच होता: काय शिकवायचं यावर परीक्षेचा प्रभाव दिसतो, कसं शिकवायचं यावर फारसा नाही.

## टप्पा 3 : वर्गातली मिनिटं

शिक्षकांना प्रश्नावली देऊ नका. ते खोटं बोलतात म्हणून नव्हे. प्रत्येकाला आपला आठवणीत राहिलेला तास आठवतो, आणि आठवणीत राहतो तो चांगला झालेला तास.

वर्गात मागे बसा आणि दर पाच मिनिटांनी एक नोंद करा: या क्षणी बहुतेक मुलं काय करताहेत? शिक्षक काय करताहेत ते नव्हे. शिक्षक निबंधाचा विषय फळ्यावर समजावत असतील आणि मुलं तो उतरवत असतील, तर नोंद "उतरवणं" अशी पडेल, "लेखन" अशी नाही. हा एक नियम पाळला नाही, तर पुढचं गणित फुकट.

नोंदी दोन वेळा करायच्या: वर्षाच्या सुरुवातीला आणि परीक्षेच्या आधीच्या आठ आठवड्यांत. प्रत्येक वेळी 40 मिनिटांच्या 12 तासिका, म्हणजे 480 मिनिटं. शिवाय त्याच शिक्षकांचा असा एक वर्ग घ्या, ज्याच्या डोक्यावर मोठी परीक्षा नाही, आणि त्याच्याही 12 तासिका नोंदा.

हा तिसरा भाग खर्चिक वाटतो, म्हणून लोक तो गाळतात. गाळू नका. ऑल्डरसन आणि लिझ हॅम्प-लायन्स यांनी 1996 मध्ये टोफेलच्या तयारीचे वर्ग अभ्यासले, तेव्हा त्याच शिक्षकांचे टोफेलशी संबंध नसलेले वर्गही पाहिले. त्यामुळे लक्षात आलं, की दोन प्रकारच्या वर्गांत जेवढा फरक आहे, निदान तेवढाच तो शिक्षकाशिक्षकांमध्येही आहे. तुलनेचा वर्ग नसता, तर सगळं खापर परीक्षेवर फुटलं असतं.

आपल्या विभागाची मिनिटं अशी भरली:

| मुलं काय करत होती | सुरुवातीला | परीक्षेआधी | परीक्षा नसलेला वर्ग |
|---|---|---|---|
| ऐकणं | 35 | 0 | 40 |
| बोलणं | 40 | 5 | 65 |
| वाचणं | 130 | 95 | 140 |
| व्याकरण | 85 | 120 | 75 |
| लेखन | 120 | 150 | 125 |
| गुणविभागणी, उत्तराची मांडणी, इतर | 70 | 110 | 35 |

तपासा : प्रत्येक रकान्याची बेरीज 480 येते का? येत नसेल तर कोणीतरी "इतर" मध्ये मिनिटं हरवली आहेत. "इतर" फुगलं असेल, तर तेही फोडून बघा. परीक्षेची भीती घालण्यात गेलेला वेळ तिथेच लपतो.

## टप्पा 4 : गळालं, उथळ झालं की साच्यात बसलं?

तक्त्यावर वरवर नजर टाकली तर वाटेल, ऐकणं आणि बोलणं गेलं, लेखन मात्र वाढलं. असा अहवाल लिहून मोकळे झालात, तर महत्त्वाचं हातातून सुटलं.

शिकवणं तीन प्रकारे आक्रसतं. एखादी कृती सरळ गळते, हा प्रकार डोळ्याला दिसतो. दुसरी शिकवली जाते, पण परीक्षेला लागेल तेवढ्याच खोलीवर. तिसऱ्या प्रकारात कृतीचं नाव तेच राहतं, वेळही वाढतो, पण आतली गोष्ट बदललेली असते. हा तिसरा प्रकार पकडायला आपण वह्या मागवल्या होत्या.

लेखनाची 150 मिनिटं उघडली. 105 मिनिटं तयार पत्रं आणि निबंध उतरवण्यात गेली होती, 15 मिनिटं तपासलेल्या वह्या परत देण्यात. मुलांनी स्वतः लिहिलं ते फक्त 30 मिनिटं. वर्षाच्या सुरुवातीला 120 पैकी 70 मिनिटं मुलं स्वतः लिहीत होती, परीक्षा नसलेल्या वर्गात 125 पैकी 80. म्हणजे "लेखन" नावाचा वेळ 30 मिनिटांनी वाढला आणि मुलांचं लिहिणं निम्म्याहून खाली आलं.

वह्यांत ते आणखी स्पष्ट दिसलं. मधल्या मुलाच्या वहीत परीक्षेआधीची सात पत्रं होती, सातही तक्रारीची. पहिलं वाक्य सातही ठिकाणी सारखं: "सदर पत्राद्वारे मी आपले लक्ष एका गंभीर समस्येकडे वेधू इच्छितो." सातवं पत्र कशाबद्दल आहे हे कळायला पाचव्या ओळीपर्यंत जावं लागत होतं. आणि लाल शाईची एकच खूण: तारीख उजवीकडे हवी.

सावध : वह्या बघताना अक्षर, स्वच्छता, पूर्णता या गोष्टींनी भुलू नका. साच्यात बसलेलं शिकवणं वहीत अतिशय नीटनेटकं दिसतं.

## टप्पा 5 : हे परीक्षेनेच केलं का?

आता प्रत्येक आक्रसलेल्या कृतीसमोर कारण लिहायचं. यासाठी तिसरा रकाना कामाला येतो.

ऐकण्याकडे बघा. परीक्षेआधी ते शून्यावर आलं, त्यामुळे तो परीक्षेचाच बळी वाटतो. पण परीक्षा नसलेल्या वर्गातही 480 पैकी 40 मिनिटंच आहेत. अभ्यासक्रम पाचवा हिस्सा वेळ मागतो, म्हणजे 96 मिनिटं. परीक्षेने उरलेली 35 मिनिटं खाल्ली हे खरं. पण मूळची तूट परीक्षेची नाही. ध्वनिफिती नाहीत, स्पीकर दुसऱ्या मजल्यावर कुलपात, आणि शिक्षकांना स्वतःच्या उच्चारांची खात्री नाही, अशी ती कारणं. उद्या परीक्षेत श्रवणाचे 20 गुण घातले, तरी स्पीकर कुलपातच राहील.

लेखनाची गोष्ट उलटी आहे. तेच शिक्षक, परीक्षा नसली की मुलांना 80 मिनिटं लिहायला देतात. त्यांना ते येतं, पटतं, जमतं. परीक्षा जवळ आली की देत नाहीत. हा शुद्ध वॉशबॅक.

त्यानंतर शिक्षकांशी बोला, पण नोंदी समोर ठेवून. "तुम्ही लेखन कमी का घेता?" असं विचारलं तर बचाव ऐकू येईल. "या मंगळवारी 10.40 ला तुम्ही पत्र उतरवायला दिलं. त्या वेळी दुसरं काय करता आलं असतं, आणि ते का नाही केलं?" असं विचारा. उत्तर ठोस मिळतं. एका बाईंनी मला सांगितलेलं असं: "माझा वर्ग आणि शेजारचा वर्ग यांचे निकाल एकाच कागदावर लागतात. शेजारी मॉडेल उत्तरं देतात. मी नाही दिली आणि दोन टक्के कमी आले, तर मुलं कशी लिहितात हे बघायला कोण येणार आहे?" इथे दबाव परीक्षेचा नव्हता, निकालाच्या कागदाचा होता. उपाय करताना हा फरक लागतो.

तपासा : प्रत्येक कारणापुढे पुरावा आहे का? "शिक्षक म्हणाले" हा अर्धा पुरावा. मिनिटं किंवा वही सोबत हवी.

## टप्पा 6 : साचा बदलून बघा

कोणीतरी म्हणणारच, "गुण तर चांगले पडताहेत ना?" त्यासाठी हा टप्पा.

वाढलेले गुण म्हणजे वाढलेलं ज्ञान असं धरता येत नाही, हे अमेरिकेत डॅनियल कोरेट्झ आणि सहकाऱ्यांनी 1991 मध्ये फार साध्या रीतीने दाखवलं. एका जिल्ह्याने आपली जुनी परीक्षा सोडून नवी घेतली होती. नवीत पहिल्या वर्षी गुण पडले, मग वर्षागणिक चढत गेले. संशोधकांनी जुनी परीक्षा मुलांना पुन्हा दिली, तर तिच्यातले गुण घसरलेले निघाले. मुलं त्या त्या परीक्षेत पटाईत होत होती.

तुम्ही हेच छोट्या प्रमाणात करा. एक कृती निवडा आणि तिच्यावर दोन प्रश्न काढा, एक नेहमीच्या साच्यातला, एक साच्याबाहेरचा. अर्ध्या वर्गाला पहिला आणि अर्ध्याला दुसरा द्या, पुढच्या आठवड्यात अदलाबदल करा. सगळ्यांना एकाच क्रमाने दिलात, तर फरक सरावाचा की साच्याचा ते कळणार नाही. दुसऱ्या प्रश्नाची काठिण्यपातळी वाढू देऊ नका. नवे शब्द किंवा अनोळखी विषय घातलात, तर तुम्ही वेगळीच गोष्ट मोजाल.

आपल्या विभागात एक तक्रारपत्र दिलं आणि एक आभारपत्र: ओळखीच्या माणसाने मदत केली, आभार माना आणि त्याच्या एका प्रश्नाचं उत्तर द्या. तक्रारपत्रात सरासरी 10 पैकी 7.5 आणि आभारपत्रात 4.5. पण सरासरीपेक्षा उत्तरपत्रिका बोलक्या. बऱ्याच मुलांनी आभाराचं पत्रही "आपले लक्ष एका गंभीर समस्येकडे वेधू इच्छितो" असंच सुरू केलं. एकीने शेवटी "योग्य ती कारवाई व्हावी" अशी विनंतीही केली होती.

सावध : हा प्रयोग मुलांच्या निकालात धरू नका. ज्या साच्यात आपणच बसवलं, त्याबाहेरचं विचारून त्यांचे गुण कापणं चुकीचं आहे.

## टप्पा 7 : आपल्या हातात असलेलं बदला, आणि क्रमानेच

बाहेरची परीक्षा तुमच्या हातात नाही. सराव परीक्षा आहे. बहुतेक ठिकाणी सराव परीक्षा ही मोठ्या परीक्षेची हुबेहूब नक्कल असते, आणि त्यामुळे वॉशबॅक शेवटच्या आठ आठवड्यांऐवजी वर्षभर पसरतो. म्हणून सुरुवात तिथून करा.

आधी क्रम. नमुना प्रश्नपत्रिका शेवटच्या तीन आठवड्यांतच काढायच्या. मुलांना मांडणी, वेळ आणि गुणविभागणी माहीत असलीच पाहिजे, आणि त्याला एवढा अवधी पुरतो. सहा महिने आधी सुरू केलेला सराव मांडणी शिकवत नाही, विषय ढकलून बाहेर काढतो.

मग पर्याय. अंतर्गत परीक्षेत मतप्रदर्शनाचा निबंध सक्तीचा करा, पर्याय द्यायचा तो विषयाचा, प्रकाराचा नाही. ऑप्शनला टाकायची सोय गेली, की ती कृती वर्गात परत येते. पत्राचा वाचक दर वेळी बदला.

मग गुणदान. मायन्याचे गुण 4 वरून 2 वर आणा आणि ते दोन "वाचकाला साजेसा सूर" याला द्या. शिक्षक तपासतात त्याप्रमाणे शिकवतात, हे आपण बाहेरच्या परीक्षेत पाहिलंच. तोच धागा आता आपल्या बाजूने ओढायचा.

निकालाच्या कागदाचा प्रश्न यातल्या कशानेही सुटत नाही. वर्गावार तुलना भिंतीवर लागत असेल, तर ती थांबवण्याबद्दल मुख्याध्यापकांशी आधी बोला. ते जमलं नाही, तर निदान साच्याबाहेरच्या प्रश्नाची सरासरी त्याच कागदावर शेजारी लावा. त्या बाईंना "कोण बघणार?" याचं उत्तर मिळेल.

सावध : बोलणं वाढवायचं म्हणून घाईने तोंडी परीक्षा सुरू करू नका. विषय आधी सांगितले, तर दोन आठवड्यांत मुलं पाठ केलेली भाषणं म्हणू लागतात आणि तुम्ही नवा साचा तयार करून बसता. तोंडी परीक्षा घ्यायचीच असेल, तर निम्मे गुण समोरच्याच्या प्रश्नाला दिलेल्या उत्तरासाठी ठेवा. तो प्रश्न आधी माहीत नसावा.

## पुन्हा मोजणी

पुढच्या वर्षी त्याच आठ आठवड्यांत, त्याच 12 तासिका, त्याच नियमाने नोंदा. बघायचा आकडा एकच: मुलांनी स्वतः लिहिलेली मिनिटं. ती 30 वरून 60 च्या आसपास गेली असतील, तर बदल धरला आहे. फक्त सुरुवातीच्या महिन्यांत वाढली असतील आणि परीक्षेआधी पुन्हा 30 वर आली असतील, तर सराव परीक्षा बदलली पण निकालाच्या कागदाची भीती तशीच आहे. टप्पा 5 मधल्या नोंदी पुन्हा काढा आणि त्या शिक्षकांसोबत परत बसा.